भोगवटा प्रमाणपत्रासाठी अर्ज: पत्र कसे लिहायचे, सोबत काय जोडायचे आणि पूर्ततेची विधाने कशी करायची

बांधकाम संपते, रंग होतो, लिफ्ट चालू होते आणि मग कुणीतरी म्हणतो, "आता भोगवट्यासाठी एक पत्र टाकून द्या." त्या एका पत्रावर पुढचे बरेच दिवस अवलंबून असतात. पत्र नीट असेल तर स्थळपाहणीची तारीख मिळते. ढोबळ असेल तर त्रुटीपत्र येते, त्याला उत्तर द्यावे लागते, त्यातून दुसरे त्रुटीपत्र निघते आणि तयार इमारत कुलूप लावून उभी राहते.

या पत्राचा वाचक ठरलेला आहे. तो मंजूर नकाशा आणि परवानगीपत्र समोर ठेवून बसलेला अभियंता असतो. त्याला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते: जे मंजूर केले तेच बांधले का, आणि नसेल तर फरक कुठे व किती? इमारत किती सुंदर झाली, रहिवासी किती दिवस वाट पाहत आहेत, कर्जाचे हप्ते कसे चालू आहेत, यातले काहीही त्याच्या टिपणीत जात नाही. त्यामुळे पत्राचा सांगाडा आपल्या मनाने ठरवायचा नाही, तो परवानगीपत्रातल्या अटींवरून उचलायचा.

नियमावली जागोजागी वेगळी असते, नमुनेही वेगळे असतात. काही ठिकाणी छापील अर्ज भरावा लागतो, काही ठिकाणी सगळे संगणकावरून दाखल होते. तरी अर्जासोबतचे पत्र, जोडपत्रांची यादी आणि अटींच्या पूर्ततेचा तपशील हे तीन भाग बहुतेक सगळीकडे लागतात.

खाली नमुन्यासाठी एक इमारत घेतली आहे: तळमजल्यावर वाहनतळ, वर चार मजले, मजल्यावर दोन सदनिका म्हणजे एकूण आठ, एक जिना, एक लिफ्ट. मंजूर बांधीव क्षेत्र दर मजल्याला १२८.१० चौरस मीटर, म्हणजे चार मजल्यांचे ५१२.४० चौरस मीटर. इमारत काल्पनिक आहे, पण तिच्यात निघालेले फरक खऱ्या कामांत नेहमी निघणारेच आहेत.

आधी टेप, मग पेन

पत्र लिहायला बसण्यापूर्वी मंजूर नकाशाची छापील प्रत घेऊन इमारतीभोवती फिरायचे. आर्किटेक्ट सोबत हवा, आणि ज्याने काम केले तो साइटवरचा माणूसही हवा, कारण कुठे काय बदलले हे त्याला नकाशापेक्षा चांगले आठवते. चार गोष्टी मोजायच्या: इमारतीच्या चारही बाजूंची सामासिक अंतरे, एकूण उंची, प्रत्येक मजल्याचे बाहेरून बाहेर माप, आणि जिना व वाहनतळाच्या जागा. त्यानंतर प्रत्येक सदनिकेत जाऊन भिंती, दारे, खिडक्या आणि डक्ट नकाशाशी ताडून पाहायचे.

सामासिक अंतर मोजताना एक चूक हमखास होते. अंतर आरसीसीच्या कॉलमपासून मोजले जाते आणि सगळे बरोबर दिसते. पाहणीला आलेला अभियंता मात्र समोर दिसणाऱ्या तयार भिंतीला टेप लावतो. आपल्या नमुन्यातल्या इमारतीत पूर्वेकडे मंजूर अंतर ३.०० मीटर आहे. कच्च्या भिंतीपासून कुंपणापर्यंत ३.०२ मीटर भरले होते, म्हणजे प्लास्टरसाठी २० मिलिमीटर जागा सोडली होती. नंतर शोभेसाठी दगडाचे क्लॅडिंग लावायचे ठरले. दगड आणि त्याच्या पाठीमागचा मसाला मिळून ४५ मिलिमीटर झाले आणि तयार अंतर २.९७५ मीटरवर आले. अडीच सेंटिमीटर कुणाच्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण टेपवर दिसतात, आणि टिपणीत "पूर्व बाजूचे सामासिक अंतर कमी" असे लिहायला तेवढे पुरतात.

दुसरा फरक तिसऱ्या मजल्यावर निघाला. शौचालयांच्या हवेसाठी ठेवलेल्या डक्टवर, १.०० गुणिले १.७० मीटरच्या मोकळ्या जागेवर, स्लॅब टाकून सदनिका ३०२ ला छोटी कोठीची खोली करून दिली होती. त्यामुळे दोन गोष्टी बिघडल्या. त्या मजल्याचे क्षेत्र १.७० चौरस मीटरने वाढून १२९.८० झाले आणि एकूण क्षेत्र ५१४.१० झाले. त्याहून वाईट म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या शौचालयांची हवा वर जायची वाट बंद झाली.

तिसरा फरक साधा आहे. सदनिका २०१ मध्ये स्वयंपाकघराचे दार नकाशातल्या जागेवरून साठ सेंटिमीटर सरकले आहे. क्षेत्र बदलत नाही, बाहेरची भिंत बदलत नाही, कॉलम किंवा बीम हलत नाही.

आता प्रत्येक फरकाचे काय करायचे हे ठरवायचे. मार्ग तीनच असतात: मूळ स्थितीत आणायचे, सुधारित नकाशा मंजूर करून घ्यायचा, किंवा नियमावलीत किरकोळ बदलाला मुभा असेल तर तो झालेल्या कामाच्या नकाशावर दाखवून पत्रात जाहीर करायचा. चौथा मार्ग, म्हणजे काही न बोलता पाहणी निघून जाईल अशी आशा धरणे, हा सगळ्यात महाग पडतो. अभियंत्याला एक लपवलेली गोष्ट सापडली की तो उरलेली इमारतही त्याच नजरेने पाहतो.

क्लॅडिंगचा प्रश्न सरळ आहे. पूर्वेच्या बाजूचे काढायचे आणि तिथे २० मिलिमीटरचे प्लास्टर करायचे. डक्टवरचा स्लॅब काढायचा. तो घणाने फोडू नये, कारण हादरे बाजूच्या बीमला आणि शौचालयाच्या पाइपांना लागतात. कटरने कापून तुकडे खाली उतरवायचे आणि त्या वेळी स्ट्रक्चरल इंजिनिअर जागेवर हजर ठेवायचा. सरकलेल्या दाराबद्दल आपल्या नियमावलीतला किरकोळ अंतर्गत बदलांचा नियम वाचायचा. मुभा असेल तर त्या नियमाचा क्रमांक पत्रात घ्यायचा, नसेल तर सुधारित नकाशा दाखल करायचा.

कागद गोळा करताना तारखा बघा

लागणाऱ्या कागदांची यादी परवानगीपत्राच्या शेवटी किंवा नियमावलीच्या परिशिष्टात बहुधा दिलेली असते. साधारणपणे हे कागद लागतात: बांधकाम परवानगी आणि प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत, मंजूर नकाशा, जोते तपासणीचा दाखला, झालेल्या कामाचे नकाशे व क्षेत्रफळाचा तक्ता, आर्किटेक्टचे काम पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र, स्ट्रक्चरल इंजिनिअरचे स्थैर्य प्रमाणपत्र, अग्निशमन विभागाचा अंतिम दाखला, लिफ्ट वापरण्याचा परवाना, विद्युत सुरक्षिततेचा दाखला, पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण जोडणीचे दाखले, पर्जन्यजल संधारणाचा पुरावा, भरलेल्या शुल्कांच्या पावत्या, जागेच्या मालकीचा कागद आणि सही करणाऱ्याचे अधिकारपत्र. झाडे लावण्याची किंवा राडारोडा उचलण्याची अट असेल तर त्याचाही पुरावा लागतो.

कागद नसल्यामुळे जितके अर्ज अडकतात, त्याहून जास्त अर्ज कागदांचा एकमेकांशी मेळ नसल्यामुळे अडकतात. एका दाखल्यावर भूखंड क्रमांक जुना, दुसऱ्यावर नवा. एकावर मालकाचे नाव, दुसऱ्यावर त्याच्या संस्थेचे. लिफ्टच्या परवान्यावर पाच थांबे आणि नकाशात चार. हे सगळे एका कागदावर उभे मांडून एका बैठकीत तपासायचे: नाव, भूखंड क्रमांक, परवानगी क्रमांक, मजल्यांची संख्या, तारीख आणि वैधता.

त्यातली तारीख जरा थांबून पाहू. आपल्या इमारतीत आर्किटेक्टचे प्रमाणपत्र २८ जानेवारीचे आहे आणि स्थैर्य प्रमाणपत्र ३ फेब्रुवारीचे. ६ फेब्रुवारीला मोजमाप झाले आणि फरक लक्षात आले. क्लॅडिंग १४ तारखेला निघाले, डक्टवरचा स्लॅब १९ तारखेला कापला. म्हणजे दोन्ही प्रमाणपत्रे अशा इमारतीबद्दल बोलतात जी १९ फेब्रुवारीनंतर तशी राहिलेली नाही. स्थैर्य प्रमाणपत्रावर सही झाली तेव्हा तो स्लॅब जागेवर होता. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून नवे प्रमाणपत्र घ्यायचे आणि त्यात एक वाक्य स्पष्ट मागायचे: डक्टवरचा स्लॅब काढल्याने लगतच्या बीमवर व स्लॅबवर विपरीत परिणाम झालेला नाही. ते २४ फेब्रुवारीला मिळाले. त्यानंतर २६ तारखेला आर्किटेक्टचे नवे प्रमाणपत्र आले आणि २ मार्चला पत्र गेले. हा क्रम उलटा झाला तर कागद पूर्ण असूनही अर्ज परत येऊ शकतो. शेवटचे काम, मग त्या कामाचा तांत्रिक दाखला, मग काम पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र आणि सगळ्यात शेवटी पत्र, असा क्रम ठेवावा.

स्थैर्य प्रमाणपत्रासोबत काँक्रीटच्या क्यूब चाचण्यांचे अहवाल जोडायचे असतील तर ते २८ दिवसांच्या चाचणीचे आहेत ना, हे पाहा. सात दिवसांचे अहवाल कामाचा वेग ठरवायला उपयोगी पडतात, पण काँक्रीटची प्रत २८ दिवसांच्या ताकदीवर ठरते. कोणत्या मजल्याचा कोणता अहवाल, हेही त्यावर पेनाने नव्हे, प्रयोगशाळेच्या नोंदीतच असायला हवे.

पूर्ततेची विधाने: कोण काय म्हणू शकतो

बहुतेक पत्रांत एक वाक्य असते: "परवानगीतील सर्व अटी व शर्तींचे पालन करण्यात आले आहे." वाक्य खोटे नसेलही, पण त्याचा उपयोग शून्य. अभियंत्याला प्रत्येक अट वेगळी तपासायची असते आणि हे वाक्य ते काम पुन्हा त्याच्यावरच टाकते.

चांगल्या विधानात तीन गोष्टी असतात. अट क्रमांक, प्रत्यक्ष काय केले किंवा काय मोजले, आणि त्याचा पुरावा कोणत्या पानावर आहे. उदाहरणार्थ: "अट क्र. ७, पूर्व बाजूचे सामासिक अंतर: मंजूर ३.०० मी.; तयार भिंतीपासून तीन ठिकाणी मोजलेले अंतर ३.००, ३.००५ व ३.०१ मी. (जोडपत्र ४, पान १८)." एवढे वाचून अभियंता पान उलटतो, आकडा पाहतो आणि पुढे जातो. पाहणीच्या दिवशी त्याच तीन ठिकाणी टेप लावतो. म्हणून ती ठिकाणे नकाशावर खुणेने दाखवून ठेवावीत.

दुसरी गोष्ट म्हणजे विधान कोणाच्या तोंडी आहे. पत्रावर सही परवानगीधारकाची असते. तो काय सांगू शकतो? मी अमुक काम केले, अमुक बदल काढून टाकला, अमुक शुल्क भरले. "इमारत भूकंपरोधक व सुरक्षित आहे" हे तो सांगू शकत नाही, कारण ते त्याने तपासलेले नाही. तिथे भाषा अशी हवी: "इमारतीच्या स्थैर्याबाबत स्ट्रक्चरल इंजिनिअर यांचे प्रमाणपत्र जोडपत्र ६ मध्ये सादर आहे." फरक छोटा वाटतो, पण उद्या काही प्रश्न उभा राहिला तर कोणी कशाची हमी दिली होती हे याच शब्दांवरून ठरते. तांत्रिक हमी तंत्रज्ञाच्या सहीखालीच ठेवावी.

तिसरी गोष्ट, अपूर्ण अटीबद्दल. एखादी अट लागूच नसेल तर ती गाळायची नाही. "अट क्र. १२, वृक्षतोड: भूखंडावर पूर्वीपासून झाड नसल्याने लागू नाही (जोडपत्र ११, बांधकामापूर्वीचे छायाचित्र)" असे लिहायचे. यादीत क्रमांक तुटला की वाचणाऱ्याला तिथेच शंका येते. अट राहिली असेल तर ती कधी आणि कशी पूर्ण होणार हे लिहायचे, पण हा मार्ग कुंपणाच्या रंगासारख्या गोष्टींपुरताच. पाणी, मलनिस्सारण, जिना, अग्निशमन यांपैकी काही राहिले असेल तर पत्र टाकण्याची वेळ झालेली नाही.

पत्राचा नमुना

खाली आपल्या नमुना इमारतीचे पत्र दिले आहे. ठिपक्यांच्या जागी आपला तपशील भरावा. अटींचे क्रमांक आपल्या परवानगीपत्राप्रमाणे बदलतील.

दिनांक: २ मार्च ....

प्रति,
मा. सक्षम प्राधिकारी,
बांधकाम परवानगी विभाग,
.................... प्राधिकरण.

विषय: भूखंड क्र. ........ येथील निवासी इमारतीस (तळमजला वाहनतळ व चार मजले, आठ सदनिका) पूर्ण भोगवटा प्रमाणपत्र मिळणेबाबत.

संदर्भ: १) बांधकाम परवानगी क्र. ........, दि. ........
२) जोते तपासणी दाखला क्र. ........, दि. ........

महोदय/महोदया,

उपरोक्त संदर्भ क्र. १ अन्वये मंजूर झालेल्या इमारतीचे बांधकाम पूर्ण झाले आहे. सदर इमारतीस पूर्ण भोगवटा प्रमाणपत्र मिळावे, ही विनंती.

अ) बांधकामाचा तपशील: मंजूर बांधीव क्षेत्र ५१२.४० चौ.मी. असून झालेले बांधीव क्षेत्र ५१२.४० चौ.मी. आहे. मजलानिहाय तक्ता जोडपत्र ४, पान १६ वर सादर आहे.

ब) मंजूर नकाशाच्या तुलनेत फरक व त्यावरील कार्यवाही:
१. तिसऱ्या मजल्यावर डक्टवर टाकलेला १.०० x १.७० मी. मापाचा स्लॅब दि. १९ फेब्रुवारी रोजी काढून डक्ट मूळ स्थितीत आणला आहे. काढण्यापूर्वीची व नंतरची छायाचित्रे जोडपत्र ५ मध्ये, तसेच स्ट्रक्चरल इंजिनिअर यांचा याबाबतचा उल्लेख जोडपत्र ६ मध्ये आहे.
२. पूर्वेकडील भिंतीवरील क्लॅडिंग दि. १४ फेब्रुवारी रोजी काढून प्लास्टर केले आहे. मोजमाप जोडपत्र ४, पान १८.
३. सदनिका २०१ मधील स्वयंपाकघराचे दार ०.६० मी. सरकले आहे. यामुळे क्षेत्रफळ, बाहेरील भिंत व संरचनेत बदल होत नाही. नियम क्र. ........ नुसार हा बदल झालेल्या कामाच्या नकाशावर दर्शविला आहे.
याव्यतिरिक्त माझ्या माहितीप्रमाणे मंजूर नकाशाच्या तुलनेत अन्य बदल नाही.

क) परवानगीतील अटींची पूर्तता:
अट ४ (संरचना): स्थैर्य प्रमाणपत्र दि. २४ फेब्रुवारी, जोडपत्र ६.
अट ७ (सामासिक अंतरे): चारही बाजूंची मोजमापे, जोडपत्र ४, पान १८.
अट ९ (वाहनतळ): मंजूर नकाशाप्रमाणे सर्व जागा आखून क्रमांकित केल्या आहेत, कोणतीही जागा बंदिस्त केलेली नाही. जोडपत्र ७.
अट ११ (पर्जन्यजल संधारण): गच्चीवरील पाणी पुनर्भरण खड्ड्यास जोडले आहे. खड्डा भरण्यापूर्वीची छायाचित्रे, जोडपत्र ८.
अट १२ (वृक्षतोड): लागू नाही. जोडपत्र ११.
अट १४ (अग्निशमन): अंतिम दाखला क्र. ........, जोडपत्र ९.
अट १६ (लिफ्ट): वापर परवाना क्र. ........, वैधता दि. ........ पर्यंत, जोडपत्र १०.
(उर्वरित अटी याच क्रमाने.)

ड) सदर इमारतीचा कोणताही भाग अद्याप वापरात दिलेला नाही. स्थळपाहणीसाठी आर्किटेक्ट व मी स्वतः उपस्थित राहू. कृपया पाहणीची तारीख कळवावी.

वर दिलेली माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे.

आपला/आपली विश्वासू,
(परवानगीधारकाची सही, नाव, पत्ता)

सोबत: जोडपत्र १ ते १४, एकूण पाने ......, अनुक्रमणिकेसह.

या नमुन्यात दोन जागा मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. परिच्छेद ब मध्ये बदल आधी सांगितला, मग त्यावर काय केले ते सांगितले. काढून टाकलेला स्लॅब सांगायची काय गरज, असे बऱ्याच जणांना वाटते. पण कापलेल्या काँक्रीटची ताजी कडा डक्टमध्ये दिसते, आणि त्यावरचे नवे प्लास्टर बाजूच्या प्लास्टरशी रंगात जुळत नाही. पाहणीत हे विचारले जाणारच, मग ते आपल्या कागदावरच आधी असलेले बरे. दुसरी जागा परिच्छेद ड मधले वाक्य, की कोणताही भाग वापरात दिलेला नाही. ते खरे असेल तरच लिहावे. एखाद्या सदनिकेत सामान येऊन पडले असेल, खिडकीत पडदे लागले असतील, तर पाहणीच्या दिवशी हे एक वाक्य बाकीच्या सगळ्या विधानांवरचा विश्वास घालवते.

पर्जन्यजल संधारणाच्या पुराव्याबद्दलही एक सूचना. पुनर्भरण खड्डा एकदा खडी आणि वाळूने भरून झाकला की आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. म्हणून खड्डा उघडा असताना, आतला पाइप आणि थर दिसतील अशी छायाचित्रे काढून ठेवायची. खोलीचे माप दिसावे म्हणून टेप आत सोडून फोटो घ्यायचा. जमिनीखालच्या टाक्या, मलनिस्सारणाची चेंबर्स आणि अर्थिंगचे खड्डे यांनाही हेच लागू. हे फोटो काढायचे राहिले तर पत्राच्या वेळी झाकण उचकटून दाखवण्यावाचून मार्ग उरत नाही.

जोडपत्रे लावण्याची पद्धत

सगळ्या पानांना एकाच ओळीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमांक द्यायचे. पत्रातले पान आणि जोडपत्रातले पान एकमेकांशी जुळले पाहिजे. अनुक्रमणिका पत्राच्या मागे पहिल्या पानावर. अर्ज संगणकावरून भरायचा असेल तर प्रत्येक जोडपत्राची वेगळी फाइल करायची आणि फाइलच्या नावात जोडपत्राचा क्रमांक घालायचा, कारण तिकडे फायली अक्षरांच्या क्रमाने उघडल्या जातात, आपण ठरवलेल्या क्रमाने नाही. जोडपत्र १० हे जोडपत्र २ च्या आधी येऊ नये म्हणून क्रमांक ०२, १० असे दोन अंकी ठेवावेत. नकाशे स्कॅन करताना मापाचे आकडे वाचता येतात का, ते मोठे करून बघावे. आकडा पुसट असेल तर नकाशा असून नसल्यासारखा.

कागदी अर्ज असेल तर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख असलेली आपली प्रत घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. निर्णयासाठी नियमावलीत मुदत दिलेली असली तरी ती मोजायची झाली तर सुरुवात याच शिक्क्यापासून होते.

पाहणी आणि त्रुटीपत्र

पाहणीच्या दिवशी पत्राची प्रत, झालेल्या कामाचा नकाशा आणि टेप हातात ठेवावा. गच्चीच्या दाराची, पंपखोलीची, मीटर खोलीची आणि सगळ्या सदनिकांच्या चाव्या जवळ असाव्यात. एक चावी नसली तरी "सदर भाग तपासता आला नाही" असा शेरा लागतो. अभियंत्याने तोंडी काही सांगितले तर त्याच संध्याकाळी ते लिहून ठेवावे. पुढे येणाऱ्या त्रुटीपत्रात ते त्याच शब्दांत असेलच असे नाही, पण रोख तोच असतो.

त्रुटीपत्राचे उत्तर देताना पुन्हा नवे पत्र रचण्याचा मोह टाळावा. त्यातला प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवून घ्यायचा आणि त्याखाली आपले उत्तर व पान क्रमांक लिहायचा. समजा मुद्दा आला: "लिफ्टच्या परवान्यावर थांबे पाच, नकाशात चार मजले." उत्तर असे: "तळमजला वाहनतळ व चार निवासी मजले मिळून पाच थांबे. झालेल्या कामाच्या नकाशातील छेदचित्र, पान २१." इतकेच. स्वतःच्या बाजूने लांब समर्थन लिहिले की उत्तर सापडत नाही आणि मुद्दा पुन्हा येतो.

मुद्दा बरोबर असेल तर वाद न घालता काम करून घ्यावे आणि कामाचा फोटो तारखेसह लावावा. इथेही तारखांचा नियम तोच: दुरुस्तीचा कोणत्या दाखल्याशी संबंध येतो ते पाहून तो दाखला नव्याने घ्यायचा.

काही भागापुरता भोगवटा मागायचा असेल तर

कधीकधी खालचे दोन मजले तयार असतात आणि वरचे राहिलेले असतात. अंशतः भोगवटा अनेक नियमावल्यांत मागता येतो. पण पत्रात तो कोणत्या सदनिकांपुरता आहे हे क्रमांकासह लिहावे लागते, आणि त्या भागाला लागणारी प्रत्येक सोय स्वतंत्रपणे चालू असल्याचे दाखवावे लागते: जिना शेवटपर्यंत कठड्यासह तयार, पाण्याची टाकी भरलेली, मलनिस्सारण जोडलेले, अग्निशमनाची व्यवस्था चालू. वर काम चालू असताना खाली माणसे राहणार असल्याने त्यांच्या येण्याजाण्याची वाट बांधकामापासून कशी वेगळी केली आहे, हे एका छोट्या नकाशावर दाखवावे. हा मुद्दा बहुतेक अर्जांत नसतो आणि अंशतः भोगवट्याची मागणी तिथेच अडते. लिफ्टचे दार वरच्या अर्धवट मजल्यावर उघडत असेल तर ते बंद केल्याचेही लिहावे.

प्रमाणपत्र हाती आल्यावर

आनंदाच्या भरात ते फाइलमध्ये टाकून देऊ नका. आधी वाचा. मजल्यांची संख्या, सदनिकांचे क्रमांक, क्षेत्रफळ, भूखंड क्रमांक आणि परवानगी क्रमांक आपल्या पत्राशी ताडून पाहा. प्रमाणपत्र तयार करताना आकडे पुन्हा टंकले जातात आणि तिथे चूक होऊ शकते. २०२ च्या जागी २०१ दोनदा आले तर त्या सदनिकेच्या मालकाला पुढे कर्जात किंवा विक्रीत त्रास होतो. चूक दिसली की लगेच शुद्धीपत्रासाठी अर्ज करावा, सोबत आपल्या मूळ पत्राची शिक्का असलेली प्रत आणि क्षेत्रफळाच्या तक्त्याचे पान जोडावे. प्रमाणपत्राच्या शेवटी काही अटी असतात, जसे लिफ्टच्या परवान्याचे नूतनीकरण किंवा अग्निशमन यंत्रणेची ठराविक काळाने तपासणी. त्या तारखा इमारत ज्याच्या ताब्यात जाणार आहे त्याच्याकडे लेखी द्याव्यात आणि पोच घ्यावी.